शब्द जुळला, शीर्षक चुकलं

आयईएलटीएसच्या वाचन परीक्षेत एक प्रश्नप्रकार असा आहे की इंग्रजी चांगलं असणारी मुलंही त्यात गुण घालवतात. लांबलचक उतारा असतो, त्याच्या परिच्छेदांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली असतात आणि सोबत रोमन अंकांत शीर्षकांची यादी असते. प्रत्येक परिच्छेदाला त्याचं शीर्षक लावायचं. यादीत शीर्षकं परिच्छेदांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे काही उरतात. ती उरणारी शीर्षकं कुणीतरी नीट विचार करून लिहिलेली असतात. ती खरी वाटावीत, हेच त्यांचं काम असतं.

खरी वाटण्यासाठी सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे परिच्छेदातला एखादा ठळक शब्द उचलून चुकीच्या शीर्षकात ठेवणं. बरोबर शीर्षकातून तोच शब्द मुद्दाम काढून टाकलेला असतो, तिथे दुसरे शब्द योजलेले असतात. त्यामुळे वेळेच्या घाईत डोळा जिथे ओळखीचा शब्द दिसतो तिथे जाऊन बसतो, आणि तिथेच सापळा असतो.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक छोटा उतारा लिहून दाखवतो. परीक्षा इंग्रजीत असते. उतारा मराठीत देतोय तो एवढ्यासाठी की भाषेची अडचण बाजूला राहावी आणि चूक कुठे होते ते स्वच्छ दिसावं. आपल्या मातृभाषेतही हा सापळा लागतो, हे तुम्हाला लगेच जाणवेल.

क. अन्न महिनोन्महिने टिकवायचं कसं, हा प्रश्न लांबच्या मोहिमांवर जाणाऱ्या सैन्याला आणि आरमाराला सतावत होता. निकोला अपेर या मिठाई बनवणाऱ्या फ्रेंच माणसाने त्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवायची, एवढंच तो करायचा. १८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, पण पद्धत छापून सगळ्यांसाठी खुली करण्याच्या अटीवर. पुस्तक निघालं, रीत पसरली. मात्र अन्न नेमकं कशामुळे टिकतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं; हवा हाच शत्रू असावा, असा तेव्हाचा समज होता. सूक्ष्मजीवांमुळे अन्न नासतं हे लुई पाश्चरच्या प्रयोगांतून स्पष्ट व्हायला आणखी सुमारे ५० वर्षं जावी लागली.

ख. काचेची बाटली फुटते, पत्रा फुटत नाही. पीटर ड्युरंडने १८१० मध्ये इंग्लंडमध्ये घेतलेल्या पेटंटात पत्र्याच्या भांड्यांचाही समावेश होता, आणि १८१३ पासून लंडनमधल्या बर्मंडसीच्या कारखान्यातून डबे आरमाराकडे जाऊ लागले. पण प्रत्येक डबा कारागीर स्वतः घडवत असे. कथील चढवलेला लोखंडी पत्रा कापायचा, वाकवून त्याचं नळकांडं करायचं, सांध्याला डाख द्यायचा, मग तळ आणि झाकण बसवायचं. कसलेल्या माणसाकडूनही दिवसभरात मोजकेच डबे होत. त्यामुळे किंमत चढीच राहिली आणि पुढची कित्येक वर्षं हे अन्न सामान्य घरांपर्यंत पोहोचलं नाही.

ग. सुरुवातीचे डबे जाड लोखंडी पत्र्याचे असत. ते छिन्नी आणि हातोडीने उघडावेत, अशी सूचना डब्यावरच असे. सैनिक संगिनी चालवत, वेळ पडली तर दगडाने ठेचत. पत्रा पातळ होत गेला तेव्हा कुठे हाताने चालवायचं खास अवजार शक्य झालं. १८५८ मध्ये अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने अशा अवजाराचं पेटंट घेतलं. पहिले डबे विकले गेल्याला तोवर जवळजवळ अर्धं शतक उलटलं होतं.

घ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश आरमार डबाबंद मांस मोठ्या प्रमाणावर घेऊ लागलं होतं. मागणी वाढली तसे पुरवठादार मोठमोठे डबे भरू लागले, पण डबा उकळत्या पाण्यात ठेवायचा वेळ त्या मानाने वाढला नाही. कडेचा थर शिजे, मधला भाग पुरेसा तापतच नसे. १८५२ मध्ये आरमाराने साठ्यातले डबे फोडून पाहिले, तेव्हा बऱ्याच डब्यांतलं मांस सडलेलं निघालं.

आता शीर्षकांची यादी:

१. सरकारी पैशामुळे लागलेला शोध
२. कारण न उमगताच हाती लागलेली रीत
३. काचेपेक्षा पत्रा सरस का ठरला
४. कारागिरीच्या वेगामुळे अडलेला प्रसार
५. सैनिकांच्या कल्पकतेतून आलेलं अवजार
६. सोय आली ती फार उशिरा
७. माप बदललं, उपचार तोच राहिला
८. आरमाराचा डबाबंद मांसावरचा वाढता भर

पुढे वाचण्याआधी स्वतः जुळवून बघा. मी हाच उतारा वर्गात देतो तेव्हा ‘ख’ला ३ आणि ‘घ’ला ८ ही दोन चुकीची उत्तरं हमखास येतात. एका विद्यार्थिनीने तर चारही चुकवले होते: १, ३, ५, ८. तिची उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे, कारण तिने प्रत्येक शीर्षकातला एक शब्द गोल केला होता आणि परिच्छेदातल्या त्याच शब्दाशी रेघ ओढून जोडला होता. सरकार, पत्रा, सैनिक, आरमार. चारही रेघा अचूक होत्या आणि चारही उत्तरं चूक.

तिने काय केलं ते ‘ख’वर जवळून बघू. पहिल्याच वाक्यात काच आणि पत्रा समोरासमोर आले आहेत. शीर्षक ३ मध्येही तेच दोन शब्द आहेत. एवढं तंतोतंत जुळल्यावर हात थांबतो कशाला? पण मग पुढच्या पाच वाक्यांचं काय करायचं? पत्रा कापणं, डाख देणं, दिवसभरात मोजके डबे, चढी किंमत, सामान्य घरांपर्यंत न पोहोचणं. यातलं एकही वाक्य पत्रा काचेपेक्षा सरस का, या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते उत्तर पहिल्या सहा शब्दांत देऊन लेखक मोकळा झाला आणि ‘पण’ म्हणून दुसरीकडे वळला. परिच्छेद आहे तो डबे हळू बनत आणि म्हणून महाग राहिले, याबद्दल. शीर्षक ४ मध्ये डबा नाही, पत्रा नाही, किंमत नाही. तरी सगळी वाक्यं त्याच्या छत्रीखाली येतात.

मी यासाठी मुलांना एक अगदी ढोबळ कसोटी देतो. ज्या शब्दामुळे शीर्षक बरोबर वाटतंय, तो शब्द ज्या वाक्यात आहे ते वाक्य बोटाने झाका. उरलेला परिच्छेद वाचा. तरीही ते शीर्षक द्यावंसं वाटतं का? ‘ख’चं पहिलं वाक्य झाकलं की शीर्षक ३ ला आधारच राहत नाही, पण शीर्षक ४ ला काहीही होत नाही. ‘घ’मध्ये पहिलं वाक्य झाका. आरमाराची खरेदी वाढली ही माहिती गेली, पण मोठे डबे, न वाढलेला वेळ, न तापलेला मधला भाग आणि सडलेलं मांस हे सगळं जागेवर आहे. याचा अर्थ शीर्षक ८ एका वाक्याच्या जोरावर उभं होतं आणि ७ सगळ्या परिच्छेदाच्या.

‘घ’मध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. ‘आरमार’ हा शब्द तिथे दोनदा आला आहे, पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात. वारंवार येणारा शब्द म्हणजे मुख्य मुद्दा, असं मुलांना कुणीतरी शिकवलेलं असतं. पण आरमार इथे फक्त गिऱ्हाईक आहे. त्याने डबे घेतले आणि त्यानेच ते फोडून पाहिले. परिच्छेदाचा सगळा जोर मात्र त्या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडलं यावर आहे, आणि तिथे आरमार हा शब्द नाहीच. एखादा शब्द पुन्हा पुन्हा येतो तो बरेचदा एवढ्याचसाठी की घटना कुठे किंवा कुणाच्या बाबतीत घडली ते सांगताना तो टाळता येत नाही. त्यावरून विषय कळतो, मुद्दा कळत नाही.

विषय आणि मुद्दा यांतला हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. वरच्या चारही परिच्छेदांचा विषय एकच आहे: टिकवलेलं अन्न आणि त्याची भांडी. म्हणून ‘डबा’, ‘अन्न’, ‘पत्रा’ हे शब्द परिच्छेद ओळखायला काही उपयोगाचे नाहीत. ते सगळीकडेच असणार. परीक्षेत उतारा चाळताना जो शब्द तीन-चार परिच्छेदांत दिसतो, तो मनातल्या मनात खोडून टाकावा आणि शीर्षकांतही तो जिथे असेल तिथे खोडावा. मग शीर्षकात जे उरतं ते बघावं. ‘अडलेला’, ‘उशिरा’, ‘कारण न उमगता’, ‘माप बदललं’. खरी माहिती या शब्दांत असते. इंग्रजी शीर्षकांतही असंच असतं: जे नाम डोळ्यात भरतं ते बहुतेक वेळा दिखाऊ असतं, आणि कारण, परिणाम, तुलना, अडचण, बदल, शंका असं काही सांगणारा शब्द कोपऱ्यात बसलेला असतो. अधोरेखित करायचाच असेल तर तो करावा.

‘क’ आणि ‘ग’मधले सापळे थोडे वेगळ्या जातीचे आहेत. शीर्षक १ म्हणतं, सरकारी पैशामुळे शोध लागला. परिच्छेदात सरकार आहे, पैसा आहे, शोध आहे. पण पैसे मिळाले ते अपेरने अनेक वर्षं प्रयोग केल्यावर, पद्धत खुली करण्याच्या बदल्यात. शब्द तिन्ही बरोबर, त्यांच्यातलं नातं मात्र उलटं. शीर्षक ५ मध्येही तसंच. सैनिकांनी संगिनी चालवल्या हे खरं, खास अवजार आलं हेही खरं, पण सैनिकांच्या कल्पकतेतून ते आलं असं उतारा कुठेच म्हणत नाही. उलट तो सांगतो की पत्रा पातळ झाल्यामुळे ते शक्य झालं. अशा वेळी वाक्य झाकायची कसोटी पुरत नाही. शीर्षक हे एक विधान आहे असं समजून त्याला विचारावं लागतं: हे उताऱ्याने खरोखर म्हटलंय का, की फक्त त्याचे सुटे भाग उताऱ्यात सापडतात?

शब्द तोच आणि अर्थ निराळा, हा तिसरा प्रकार. मराठीत ‘उतारा’ म्हणजे पुस्तकातला भाग, विषावरचं औषध आणि सातबाऱ्याचा कागदही. इंग्रजीत ‘डिक्लाइन’ म्हणजे घट, आणि नम्रपणे नाकारणंही. एखाद्या राजाने प्रस्ताव नाकारला असं परिच्छेदात असतं आणि यादीत ‘अमुक राजवटीचा ऱ्हास’ असं शीर्षक असतं. दोन्हीकडे शब्द ‘डिक्लाइन’च. हा सापळा क्वचित लागतो, पण लागला की कळतही नाही.

आता क्रमाबद्दल. आधी शीर्षकं वाचावीत की परिच्छेद, यावर शिकवणाऱ्यांत एकमत नाही. कागदावरच्या परीक्षेत शीर्षकांची यादी उताऱ्याच्या आधी छापलेली असते, त्यामुळे बहुतेक जण आधी तीच वाचतात. मी म्हणतो, यादीवरून एकदा नजर फिरवायला हरकत नाही, पण ती डोक्यात घेऊन परिच्छेदात शिरू नका. आठ-दहा शीर्षकं मनात ठेवून वाचायला लागलं की वाचन होतच नाही, शोधाशोध होते. डोळा ‘सरकार’ कुठे आहे ते बघत फिरतो आणि वाक्यांचा एकमेकांशी असलेला संबंध निसटतो. सापळा लावणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

त्यापेक्षा परिच्छेद वाचा, यादी झाका आणि कडेला चार-पाच शब्दांत स्वतःचं शीर्षक लिहा. मराठीत लिहा, बेधडक. ‘क’पुढे मुलं लिहितात: ‘जमलं पण का ते माहीत नाही’. ‘ख’पुढे: ‘हळू, म्हणून महाग’. ‘ग’पुढे एकाने लिहिलं होतं: ‘डबा आधी, चावी नंतर’. ‘घ’पुढे: ‘मोठा डबा कच्चा’. परीक्षेत अशा कच्च्या टिपणांत उताऱ्यातले इंग्रजी शब्द नसतात, हाच त्यांचा फायदा. आता यादी उघडली की तुम्ही शब्दाशी शब्द जुळवूच शकत नाही. अर्थाशी अर्थ जुळवावा लागतो. ‘हळू, म्हणून महाग’ याच्याशी ‘कारागिरीच्या वेगामुळे अडलेला प्रसार’ आपसूक जुळतं. ‘काचेपेक्षा पत्रा सरस’ जुळत नाही. मराठी टिपणाची ही युक्ती मला आवडते ती यासाठीच. इंग्रजी वाचून इंग्रजीतच टीप लिहिली, की मुलं परिच्छेदातलाच ठळक शब्द उतरवून काढतात आणि सापळा स्वतःच्या हाताने पुन्हा लावतात.

टीप लिहिताना परिच्छेदाचं वळण बघा. पहिलं वाक्य म्हणजे सारांश, ही शाळेतली सवय इथे दगा देते. ‘क’मध्ये मुद्दा आला तो ‘मात्र’ नंतर, शेवटच्या दोन वाक्यांत. ‘ख’मध्ये ‘पण’ नंतर. ‘घ’मध्येही ‘पण’ नंतर. इंग्रजीत ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘येट’ हे शब्द दिसले की पेन्सिलीने एक उभी रेघ मारावी. रेघेच्या पलीकडचा भाग साधारणपणे अधिक वजनदार असतो. नेहमीच असतो असं नाही. कधी लेखक ‘पण’ म्हणून एखादी बारीकशी सूट देतो आणि मूळ मुद्द्यावर परत येतो. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना किती वाक्यं आहेत हेही मोजावं. ‘ख’मध्ये अलीकडे दोन वाक्यं, पलीकडे चार. तिथे शंका उरत नाही.

‘क’बद्दल मात्र एक हुशार मुलगा माझ्याशी भांडला होता, आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. त्याने विचारलं, सर, इथे तर ‘मात्र’च्या आधी पाच वाक्यं आहेत आणि नंतर दोनच, मग वाक्यं मोजली तर शीर्षक २ पडायला हवं. मोजणीच्या हिशोबाने तो बरोबर होता. तरी उत्तर २ च, कारण ती पाच वाक्यं ‘रीत हाती लागली’ हे सांगतात आणि शेवटची दोन ‘कारण उमगलं नव्हतं’ हे सांगतात. शीर्षक २ ला हे दोन्ही पाय आहेत. शीर्षक १ फक्त पहिल्या भागावर उभं राहायला बघतं आणि तिथेही चुकीचं नातं जोडतं. त्या दिवसापासून मी मुलांना सांगतो की शीर्षकाला दोन पाय असतील, ‘अमुक आणि त्याचा तमुक’ अशा धर्तीचे, तर दोन्ही परिच्छेदात टेकतात का ते तपासा. एकच टेकला तर ते शीर्षक लंगडं.

वाक्य झाकायची कसोटी कुठे फसते तेही सांगायला हवं. काही परिच्छेद म्हणजे एकच लांब उदाहरण असतं. समजा पहिलं वाक्य आहे, ‘नवी गोष्ट रुजायला तिच्या जोडीची दुसरी गोष्ट यावी लागते’, आणि पुढे सात वाक्यं फक्त डबा आणि तो उघडण्याचं अवजार यांबद्दल. इथे पहिलं वाक्य झाकलंत तर उरलेला परिच्छेद अवजाराचा इतिहास वाटेल आणि तुम्ही ‘सोय आली ती फार उशिरा’ हे निवडाल. पण लेखकाने तो इतिहास पहिलं वाक्य सिद्ध करायला आणला आहे; योग्य शीर्षक असेल ‘एकट्याने न रुजणाऱ्या गोष्टी’ अशासारखं. असा परिच्छेद ओळखायची खूण म्हणजे बाकी सगळी वाक्यं ठोस असतात, नावं आणि सालं घेऊन येतात, आणि एकच वाक्य हवेत तरंगणारं, सर्वसाधारण असतं. ते पहिलं असेल किंवा शेवटचं. ते दिसलं की ‘हे सगळं कशाचं उदाहरण आहे?’ असा प्रश्न विचारावा.

आणि एक उलटी चूक. सापळ्यांबद्दल ऐकून काही मुलं इतकी सावध होतात की शब्द जुळला म्हणून शीर्षक फेकून देतात. हेही बरोबर नाही. बरोबर शीर्षकातही कधी कधी परिच्छेदातला शब्द असतो, कारण काही शब्दांना पर्यायच नसतो. जुळलेला शब्द हा पुरावा नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. तो तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की इथे तपासून बघा.

याच परीक्षेत एक दुसरा प्रश्नप्रकार असतो, ज्यात अमुक माहिती कोणत्या परिच्छेदात आहे ते विचारतात. तिथे एका वाक्यातला तपशील सापडला की काम झालं. शीर्षकांच्या प्रश्नात तोच तपशील घात करतो. एकाच उताऱ्यावर दोन्ही प्रकार आले तर आधी शीर्षकं सोडवावीत, असं माझं मत आहे. परिच्छेदांचा नकाशा तयार होतो आणि तपशील शोधायला तो कामी येतो. सूचना वाचूनच सुरुवात करा, एवढं सांगतो. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळून गुण घालवणारे मी दरवर्षी बघतो.

एक अडचण या प्रश्नाच्या बांधणीतच आहे. एक शीर्षक एकदाच वापरता येतं. त्यामुळे ‘ख’ला घाईने चुकीचं शीर्षक लावलं आणि ते खरं तर दुसऱ्याच परिच्छेदाचं असेल, तर तो दुसरा परिच्छेद पोरका होतो. तो मग तिसऱ्याचं शीर्षक ओढून घेतो. एका चुकीच्या तीन चुका होतात. म्हणून क्रमाने जायची सक्ती करून घेऊ नका. ज्या परिच्छेदाचं टिपण स्वच्छ जमलं, तो आधी. वरच्या उताऱ्यात बहुतेकांना ‘ग’ सोपा वाटतो, तर त्याचं ६ लावून टाका आणि यादीतून खोडा. ज्या परिच्छेदाला दोन शीर्षकं चालतील असं वाटतं, त्याच्यापुढे दोन्ही आकडे लिहून पुढे जा. यादी जसजशी आटत जाईल तसतसा त्यातला एक आपोआप दुसरीकडे जातो. संगणकावरच्या परीक्षेत शीर्षक उचलून परिच्छेदाच्या वर ठेवायचं असतं आणि ते पुन्हा काढताही येतं. तिथे दोन शीर्षकांत अडलेली जागा सरळ रिकामी सोडून पुढे जावं.

शेवटी रिकामं मात्र काहीच ठेवू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पूर्ण वाचन परीक्षा ६० मिनिटांची, त्यात तीन उतारे आणि ४० प्रश्न. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. उताऱ्यामागे सुमारे २० मिनिटं येतात, त्यातली आठ-दहा शीर्षकांवर गेली तर चालतं, कारण ती देताना उताराही वाचून होतो. एकाच परिच्छेदावर दोन मिनिटांहून जास्त अडलात तर तिथे बहुधा दोन जवळची शीर्षकं भांडत असतात. अशा वेळी परिच्छेद तिसऱ्यांदा वाचून उपयोग होत नाही. ती दोन शीर्षकंच शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यात नेमका कोणता शब्द वेगळा आहे ते शोधा. ७ आणि ८ घ्या: एकात ‘बदललं’ आणि ‘तोच राहिला’, दुसऱ्यात ‘वाढता भर’. आता परिच्छेदात जाऊन एवढंच बघायचं की काय वाढलं आणि काय तसंच राहिलं. डबा वाढला, वेळ तसाच राहिला. उत्तर ७.

त्या विद्यार्थिनीला मी तोच उतारा दोन आठवड्यांनी पुन्हा दिला, पण या वेळी शीर्षकांची यादी न देता. तिने चार टिपणं लिहिली. मग यादी दिली. तिने कुठेही गोल केला नाही, रेघ ओढली नाही, ‘घ’पाशी मात्र थांबली आणि ८ वर बोट ठेवून म्हणाली, “सर, हे वाक्य खरंय, पण ते आधीचं आहे. पुढे जे झालं ते यात नाही.” आणि ७ लिहिलं.